वयात येताना मधुमेही मुलांची शुगर का वाढते? घरच्यांनी समजून घ्यावी अशी गोष्ट

सकाळचे सात वाजलेत. भांडुपच्या चाळीतल्या एका घरात अम्मीने मुलीचं बोट टोचून शुगर तपासली. मशीनवर आकडा आला २४८. रात्री झोपताना तो १६० होता. मधल्या आठ तासांत मुलीने पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. पण घरात पहिला प्रश्न हाच, "रात्री उठून काय खाल्लंस?" मुलगी म्हणते, काही नाही. कुणाला खरं वाटत नाही. असं पंधरा दिवस चाललं की मुलगी एक युक्ती शिकते. वहीत खरा आकडा लिहायचाच नाही, १३० किंवा १४० लिहून टाकायचं. त्यानंतर डॉक्टरांसमोर जाणारी वही खोटी असते आणि त्या वहीवरून ठरणारा डोसही चुकतो.

ही मुलगी आमच्या शाळेत आठवीत होती. तिची ओळख कळू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. तिला नवव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला. दोन-तीन वर्षं सगळं ठीक चाललं होतं. बारावं सरलं आणि तेच जेवण, तेच इंजेक्शन असूनही शुगर वर जायला लागली. मुलगी खोटं बोलत नव्हती. तिच्या शरीरात जे चाललं होतं ते त्या वयाच्या प्रत्येक मुला-मुलीच्या शरीरात चालतं. फरक एवढाच की इतरांच्या बाबतीत ते बाहेर दिसत नाही.

वाढीच्या हार्मोनचं काम

टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात. म्हणून इन्शुलिन बाहेरून द्यावं लागतं आणि ते आयुष्यभर द्यावं लागतं. रक्तातली साखर स्नायूंमध्ये शिरावी आणि यकृताने स्वतःजवळची साखर उगाच रक्तात सोडू नये, ही दोन्ही कामं इन्शुलिन करतं.

मुलगा किंवा मुलगी वयात येऊ लागली की आधी लैंगिक हार्मोन्स वाढतात. त्यांच्या प्रभावाने मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी वाढीचं हार्मोन, म्हणजे ग्रोथ हार्मोन, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त सोडू लागते. वर्षभरात पॅन्ट आखूड होते ती याच्यामुळे. पण या हार्मोनचा दुसरा परिणाम इन्शुलिनच्या उलट असतो. ते शरीरातली चरबी फोडून रक्तात सोडतं. स्नायूंना जळण म्हणून चरबी मिळाली की ते साखर कमी घेतात. यकृतही जास्त साखर बाहेर टाकतं. म्हणजे तितक्याच इन्शुलिनने आता पूर्वीपेक्षा कमी काम होतं. यालाच इन्शुलिनचा प्रतिरोध म्हणतात.

यात मुख्य दोषी लैंगिक हार्मोन नसून वाढीचं हार्मोन आहे, हे एका साध्या निरीक्षणावरून कळतं. विशीतल्या माणसात लैंगिक हार्मोन्स भरपूर असतात, पण हा प्रतिरोध तोवर बराच ओसरलेला असतो. वाढीचं हार्मोन मात्र वयात येण्याच्या मधल्या टप्प्यात शिखरावर असतं आणि उंची थांबली की उतरतं. प्रतिरोधही त्याच्याबरोबरच चढतो आणि उतरतो.

१९८६ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी हे प्रत्यक्ष मोजून दाखवलं. स्टेफनी एमिएल, रॉबर्ट शेरविन, विल्यम टॅम्बोरलेन ही त्यांच्यातली काही नावं. त्यांनी मुलांना शिरेतून ठरावीक प्रमाणात इन्शुलिन दिलं आणि रक्तातली साखर एका पातळीवर टिकून राहील एवढं ग्लुकोज सोबत देत राहिले. जितकं जास्त ग्लुकोज द्यावं लागेल तितकं इन्शुलिन चांगलं काम करतंय, असा हिशेब. वयात येत असलेल्या मुलांत हे काम लहान मुलांच्या आणि मोठ्या माणसांच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघालं. महत्त्वाची गोष्ट अशी की ही घट मधुमेह नसलेल्या निरोगी मुलांतही होती. मधुमेह असलेल्या मुलांत इन्शुलिनचं काम त्यांच्याहूनही कमी भरलं.

मग निरोगी मुलांची शुगर का वाढत नाही? कारण त्यांचं स्वादुपिंड गुपचूप जास्त इन्शुलिन बनवतं. कुणी सांगावं लागत नाही, हिशेब लागत नाही. टाइप १ असलेल्या मुलाचं स्वादुपिंड हे करू शकत नाही. तिथे ती वाढ सुईतूनच द्यावी लागते, आणि ती दिली नाही तर फरक मशीनच्या आकड्यात दिसतो.

यकृताचा लगाम सैल होतो

मधुमेही मुलांत प्रतिरोध जास्त का, याचं कारण इन्शुलिन शरीरात कुठून शिरतं यात आहे. स्वादुपिंडातून निघालेलं इन्शुलिन आधी थेट यकृतात जातं आणि नंतर बाकीच्या शरीरात. पोटावर किंवा मांडीवर टोचलेलं इन्शुलिन आधी सगळ्या शरीरात फिरतं, यकृताला त्याचा वाटा कमीच मिळतो.

आता यकृत वाढीच्या हार्मोनच्या हुकमावर आणखी एक पदार्थ बनवतं. हाडं लांब करण्याचं बरंचसं काम तोच करतो, आणि "पुरे झालं, आता कमी सोड" हा निरोपही तोच पियुषिका ग्रंथीला देतो. तो बनवायला यकृताला पुरेसं इन्शुलिन लागतं. इन्शुलिन कमी पडलं की तो पदार्थ कमी बनतो, निरोप पोहोचत नाही आणि ग्रंथी वाढीचं हार्मोन आणखी सोडत राहते. त्यामुळे प्रतिरोध वाढतो, शुगर वाढते आणि इन्शुलिन आणखी अपुरं पडतं.

म्हणून "शुगर वाढतेय, वयच असं आहे, दोन वर्षांत आपोआप बसेल" असं म्हणून डोस तसाच ठेवणं चुकीचं आहे. इन्शुलिन कमी पडत राहिलं की हे चक्र स्वतःच घट्ट होत जातं. त्याची एक खूण भिंतीवर दिसते, ती म्हणजे उंची. या वयात मुलाची उंची भराभर वाढायला हवी. ती अडली, किंवा मुलीची पाळी यायला फारच उशीर झाला, तर इन्शुलिन बराच काळ अपुरं पडत असण्याची शक्यता असते. आपल्याकडच्या मुलांच्या उंची-वजनाचे तक्ते इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१५ मध्ये ५ ते १८ या वयोगटासाठी प्रसिद्ध केले. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचं त्यात मोठं काम आहे. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून त्या तक्त्यावर उंचीचा ठिपका मांडून घ्यावा. रेघ सपाट होऊ लागली तर कारण विचारावं.

पहाटेच का वाढते?

वाढीचं हार्मोन दिवसभर सारखं सुटत नाही. ते झटक्याझटक्याने सुटतं, आणि सगळ्यात मोठे झटके रात्री गाढ झोपेत येतात. साखरेवर त्याचा परिणाम काही तासांनी दिसतो, म्हणजे पहाटे. जाग येण्याच्या सुमारास कॉर्टिसोल हे आणखी एक हार्मोन वाढतं. तेही यकृताला साखर सोडायला लावतं. दोन्ही परिणाम पहाटे तीन ते सात या वेळात एकत्र येतात. म्हणून या वयात सकाळचा उपाशीपोटीचा आकडा सगळ्यात हट्टी असतो.

त्यात आपल्याकडच्या अनेक मुलांना दिवसातून दोनदा मिश्र इन्शुलिन दिलं जातं. एकाच बाटलीत लवकर काम करणारं आणि मध्यम काळ टिकणारं, असं दोन प्रकारचं मिश्रण. त्यातला मध्यम काळाचा भाग टोचल्यानंतर साधारण चार ते आठ तासांनी सगळ्यात जोरात असतो आणि पुढे उतरत जातो. संध्याकाळी साडेसातला इंजेक्शन दिलं तर त्याचा जोर रात्री साडेअकरा ते साडेतीनच्या दरम्यान येतो. त्या वेळी शरीराला त्याची गरज सगळ्यात कमी असते. पहाटे चार वाजता गरज वाढू लागते, तेव्हा त्याचा जोर ओसरलेला असतो.

आमच्या मुलीच्या घरी नेमकं हेच झालं. सकाळचा आकडा जास्त येतोय म्हणून अब्बांनी स्वतःच्या मनाने रात्रीचा डोस चार युनिटने वाढवला. हेतू चांगलाच होता. दोन दिवसांनी पहाटे तीनच्या सुमारास नानीला जाग आली तर मुलीची उशी घामाने ओली आणि मुलगी थरथरत होती. शुगर ५८. साखरेचं पाणी दिल्यावर ती सावरली. वाढवलेल्या इन्शुलिनने पहाटे सातचा आकडा खाली आणण्याआधी रात्री तीनचा आकडा खाली पाडला.

म्हणून सकाळची शुगर जास्त दिसली की डोसला हात लावण्याआधी एक काम करायचं. सलग तीन रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि सकाळी उठल्यावर, असे तीन आकडे घ्यायचे. या मुलीचे, वाढवलेला डोस मागे घेतल्यानंतरचे आकडे साधारण असे आले:

झोपताना १६०, पहाटे तीनला १०५, सकाळी सातला २४८.

यातून काय कळतं? रात्री तीनपर्यंत शुगर उतरतेय, म्हणजे इन्शुलिन जोरात आहे. त्यानंतर चार तासांत ती १४३ ने चढतेय, म्हणजे इन्शुलिन संपलंय आणि हार्मोन्स जागी झालीत. इथे त्याच वेळेचा तोच डोस वाढवून भागणार नाही. इन्शुलिन देण्याची वेळ किंवा इन्शुलिनचा प्रकार बदलावा लागेल. उलट पहाटे तीनलाच आकडा ७० च्या खाली मिळाला असता, तर रात्रीचं इन्शुलिन कमी करण्याचा विचार डॉक्टरांनी केला असता. आणि तिन्ही वेळी आकडा २०० च्या वरच राहिला असता, तर एकूण डोसच कमी पडतोय किंवा इन्शुलिन शरीरात नीट जातच नाही, असा अर्थ निघाला असता. सकाळचा आकडा तिन्ही वेळी २४८ च असू शकतो, पण उपाय तीन वेगळे निघतात.

रात्री तीनचा गजर लावणं अवघड वाटतं, पण तीन रात्रींचाच प्रश्न आहे. ओली उशी, वाईट स्वप्नं, सकाळी उठल्यावर डोकेदुखी ही रात्री शुगर खाली गेल्याची चिन्हं असू शकतात. ती दिसली तर मशीनशिवाय अंदाज करू नये.

डोसचा हिशेब

पालकांना सगळ्यात जास्त धक्का इन्शुलिनच्या युनिटचा बसतो. "आधी २४ लागायचे, आता ५० सांगतायत. आजार वाढला का?" आजार वाढलेला नसतो. हिशेब करून पाहू.

वयात येण्याआधी टाइप १ असलेल्या मुलाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.७ ते १ युनिट इन्शुलिन लागतं. वयात येताना ही गरज किलोमागे १.२ च्या वर जाते, काही मुलांत ती २ पर्यंतही पोहोचते. ही मुलगी अकरा वर्षांची असताना ३० किलोची होती आणि तिला किलोमागे ०.८ च्या हिशेबाने २४ युनिट लागत. तेराव्या वर्षी ती ४२ किलोची झाली. नुसतं वजन धरलं तर ४२ गुणिले ०.८, म्हणजे सुमारे ३४ युनिट. घरी तिला एवढेच मिळत होते. पण आता किलोमागची गरजच १.२ झाली होती. ४२ गुणिले १.२ म्हणजे सुमारे ५० युनिट. म्हणजे २४ वरून ५० पर्यंतच्या २६ युनिटच्या वाढीत १० युनिट वजनाचे होते आणि १६ युनिट हार्मोन्सचे. हेच १६ युनिट दीड वर्ष कुणी मोजले नव्हते.

डॉक्टरांनी मिश्र इन्शुलिन बंद केलं. रात्री झोपताना दीर्घकाळ टिकणारं एक इन्शुलिन आणि तिन्ही जेवणांआधी लवकर काम करणारं दुसरं, अशी चार इंजेक्शनं सुरू केली. सुरुवात ३६ युनिटने केली. मग दर तीन-चार दिवसांनी आकडे बघून साधारण दहा टक्क्यांनी वाढवत ४०, ४४, ४७ आणि पाचव्या आठवड्यात ५० वर आणलं. शेवटी रात्रीचे २४ आणि जेवणांचे ९, ८ आणि ९. सकाळचे आकडे १३० ते १७० मध्ये यायला लागले. पहाटे तीनचा आकडा शंभरच्या खाली क्वचितच गेला. एकदम ५० वर उडी मारली असती तर पुन्हा घामाने भिजलेली उशी बघावी लागली असती. वाढ टप्प्याटप्प्याने आणि डॉक्टरांना विचारूनच करावी लागते, ती याच कारणाने.

सगळंच हार्मोनवर ढकलू नका

हार्मोन हे खरं कारण आहे, पण त्याच्या आड दुसरी कारणं लपू शकतात. हार्मोनची वाढ आठवड्यांमागून आठवडे हळूहळू होते, जवळजवळ रोज दिसते आणि सकाळी जास्त असते. डोस चुकत असेल तर आकडे वेडेवाकडे येतात. सोमवारी १२०, मंगळवारी ३८०, बुधवारी १५०. शाळेच्या दिवशी एक चित्र आणि सुट्टीच्या दिवशी दुसरं असेल तर दुपारचं इंजेक्शन शाळेत होतंय का, हे शिक्षकांना विचारावं. वर्गात सगळ्यांसमोर सुई घ्यायला मुलं लाजतात. त्यांना एक बंद खोली आणि पाच मिनिटं मिळाली की बऱ्याचदा प्रश्न सुटतो.

न रागावता तपासायचा एक साधा मार्ग म्हणजे बाटल्या मोजणं. आपल्याकडच्या सरकारी पुरवठ्यात बहुधा ४० युनिट प्रति मिलीची दहा मिलीची बाटली असते, म्हणजे एका बाटलीत ४०० युनिट. दिवसाला ५० युनिट लागत असतील तर महिन्याला १,५०० युनिट, म्हणजे जवळजवळ चार बाटल्या संपायला हव्यात. दोनच संपत असतील तर इन्शुलिन अंगात जात नाहीये. आणि सिरिंज बाटलीच्याच मापाची आहे ना, हेही बघा. ४० च्या बाटलीसाठी ४० ची सिरिंज, तिचं टोपण बहुधा लाल असतं. चुकून १०० ची सिरिंज हातात आली आणि ५० च्या खुणेपर्यंत भरली, तर अंगात ५० ऐवजी फक्त २० युनिट जातात. पेनची गोष्ट वेगळी. पेनच्या काडतुसात १०० युनिट प्रति मिली असतं, तीन मिलीमध्ये ३०० युनिट. त्याचा हिशेब वेगळा करावा.

तिसरी गोष्ट टोचण्याच्या जागेची. रोज त्याच दोन इंच जागेत टोचलं की तिथे चरबीची मऊ गाठ बनते. गाठीत टोचलेलं दुखत नाही म्हणून मुलं तीच जागा निवडतात, पण तिथून इन्शुलिन कधी लवकर मुरतं, कधी उशिरा. बोटांनी चाचपून गाठ लागली तर ती जागा काही महिने सोडावी. नवी जागा सुरू करताना डॉक्टरांना सांगावं, कारण तिथून इन्शुलिन पूर्ण मुरेल आणि तेवढ्याच डोसने शुगर एकदम खाली येऊ शकते.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट अम्मीलाच लक्षात ठेवावी लागते. पाळीच्या आधीच्या काही दिवसांत अनेक मुलींची शुगर वाढते आणि पाळी सुरू झाली की उतरते. सगळ्यांना होतंच असं नाही. शुगरच्या वहीत पाळीच्या तारखेवर एक खूण केली तर तीन महिन्यांत चित्र स्पष्ट होतं आणि त्या दिवसांपुरता डोस किती वाढवायचा हे डॉक्टर आधीच सांगू शकतात. लाजेने ही तारीख डॉक्टरांपासून लपवू नये.

लक्ष्य किती ठेवायचं?

तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी तपासणीचं लक्ष्य मुलांसाठीही साधारण ७ टक्क्यांच्या खाली ठेवलं जातं. ते सरासरी १५४ च्या शुगरएवढं असतं. पण या वयात तिथे पोहोचणं किती अवघड आहे, हे अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. १,४४१ जणांच्या त्या अभ्यासात १३ ते १७ वयाची १९५ मुलं होती. त्यातल्या ज्या गटाला रोज अनेक इंजेक्शनं किंवा पंप आणि पथकाकडून सतत लक्ष मिळालं, त्या गटात मोठ्या माणसांची सरासरी ७ च्या आसपास आली, पण मुलांची ८.१ आली. म्हणजे तेवढेच कष्ट करून मुलं सुमारे एक टक्का मागे राहिली.

मग कष्ट वाया गेले का? तसं नाही. साध्या उपचाराच्या गटातली मुलं ९.८ वर होती. ८.१ वाल्या गटात डोळ्यांच्या पडद्याला इजा होण्याचा धोका निम्म्याहूनही कमी झाला. मात्र त्याची किंमतही होती, शुगर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. ८ हा आकडा ७ नाही म्हणून मुलाला नापास ठरवू नये, आणि ९.८ ला "वयच असं आहे" म्हणून सोडून देऊ नये. या आठवीतल्या मुलीची सरासरी बदलाआधी ९.८ होती, म्हणजे सुमारे २३५. तीन महिन्यांनी ती ८.१ झाली, सुमारे १८६. आणखी खाली आणायचंय, पण पावसाळ्यात नाल्याला पाणी चढावं तसा तिचा आकडा आता चढत नाही.

बालिग होणं आणि रोजा

आपल्या घरांमध्ये या विषयाला आणखी एक बाजू आहे. मूल बालिग झालं की रोजा फर्ज होतो, आणि शुगर सगळ्यात जास्त डोलते तीही याच वयात. लहानपणी हौसेने अर्धा रोजा ठेवणारं मूल आता पूर्ण रोजाचा हट्ट धरतं. वर्गातल्या मैत्रिणी ठेवतात, मग मी का नाही? कुरआनमध्ये सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतीत आजारी माणसाला सवलत आहे, हे तिला प्रेमाने सांगावं. ज्याची शुगर अजून बसलेली नाही, ज्याला रात्री शुगर खाली गेल्याचं कळत नाही किंवा जो अलीकडेच दवाखान्यात दाखल झाला होता, त्याने रोजा ठेवू नये, असंच डॉक्टर सांगतात. डॉक्टरांनी परवानगी दिली तरी रमजानच्या महिना-दोन महिने आधी भेटून डोस नव्याने बसवावा लागतो, कारण सेहरी आणि इफ्तारने जेवणाचं घड्याळच उलटं होतं. रोज्यात शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा, इफ्तारला दहा मिनिटंच उरली असली तरी. बोट टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमांचं मत आहे. म्हणून "रोजा आहे, आज मशीन नको" हे मान्य करू नये.

थांबू नये अशी वेळ

हार्मोनमुळे वाढलेली शुगर आठवड्यांच्या हिशेबाने दुरुस्त करता येते. पण शुगर २५० च्या वर टिकून आहे आणि सोबत उलट्या, पोटदुखी, जोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास किंवा गुंगी असेल, तर हे वयाचं लक्षण नाही. इन्शुलिन इतकं कमी पडलंय की रक्तात आम्ल साठतंय. अशा वेळी लघवीतले कीटोन पट्टीने तपासावेत. इन्शुलिन बंद करू नये, मूल जेवत नसलं तरीही, आणि त्याच क्षणी दवाखाना गाठावा. रात्र आहे, सकाळी बघू, असं करू नये.

नेहमीच्या तपासणीसाठी मुलांच्या हार्मोनच्या आजारांचे डॉक्टर भेटले तर उत्तम. परळच्या बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालयात असा विभाग आहे. भांडुपहून स्लो लोकलने परळला उतरून जाता येतं. जाताना तीन रात्रींचे नऊ आकडे, महिन्यात संपलेल्या बाटल्यांची संख्या, उंची, वजन आणि मुलगी असेल तर पाळीच्या तारखा, एवढं कागदावर लिहून न्यावं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२२ मध्ये टाइप १ साठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यामुळे "या वयात डोस वाढवायला हवा का?" हा प्रश्न विचारायला संकोच करायचं कारण नाही.

उंची वाढायची थांबली, साधारण सोळा ते अठराच्या पुढे, की वाढीचं हार्मोन उतरतं आणि इन्शुलिनची गरजही पुन्हा कमी होते. त्या वेळी वाढवलेला डोस तसाच राहिला तर शुगर वारंवार खाली जाईल. म्हणजे डोस वाढवण्याइतकंच वेळेवर कमी करणंही लक्षात ठेवावं लागतं. आठवीतली ती मुलगी आता दहावीत आहे. तिची अम्मी सकाळी आकडा बघते आणि विचारते, "बेटा, रात्री तीनला किती होती?" मुलगी वहीत खरा आकडा लिहिते.